‘रात्रीची उपासमार’: शब्द बरोबर, जाहिरात चूक

१/ जाहिरातींच्या भाषांतराचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. जनरल मोटर्सने ‘शेव्हरोले नोव्हा’ ही मोटार लॅटिन अमेरिकेत नेली. स्पॅनिशमध्ये ‘नो व्हा’ म्हणजे ‘जात नाही’. त्यामुळे ती कोणी विकत घेतली नाही, असा या गोष्टीचा शेवट असतो. व्यवस्थापनाच्या वर्गांत ही गोष्ट अजूनही शिकवली जाते. मात्र ती खरी नाही.

२/ नोव्हा मेक्सिको आणि व्हेनेझुएलात व्यवस्थित खपली. मेक्सिकोच्या सरकारी तेलकंपनीने तर आपल्या पेट्रोललाच ‘नोव्हा’ हे नाव दिले होते. स्पॅनिश माणूस ‘नोव्हा’ हा एक शब्द म्हणून, पहिल्या अक्षरावर आघात देऊन वाचतो. त्यात त्याला ‘नो व्हा’ ऐकू येत नाही, जसे ‘नवरा’ वाचताना आपल्याला ‘नव’ आणि ‘रा’ वेगळे ऐकू येत नाहीत.

३/ ही दंतकथा टिकते, कारण ती आपल्याला सोयीची समजूत देते: भाषांतर फसते ते चुकीच्या शब्दामुळे, म्हणून शब्द तपासून घ्यावा म्हणजे झाले. जाहिरातींच्या इतिहासात अधिक वेळा घडलेले अपयश मात्र निराळ्या जातीचे आहे. त्यात प्रत्येक शब्द बरोबर असतो, व्याकरण निर्दोष असते, कोणी हसतही नाही. वाचक शांतपणे पान उलटतो. आजच्या धाग्यात अशा एका अपयशाची शक्यता तपासू. वस्तू एकच: हॉर्लिक्स.

४/ थोडी पार्श्वभूमी. जेम्स आणि विल्यम हॉर्लिक हे मूळचे इंग्रज बंधू. त्यांनी अमेरिकेत, विस्कॉन्सिन प्रांतातल्या रसीन गावी, गहू आणि मोड आणलेले जव यांचा अर्क दुधासह आटवून त्याची भुकटी केली. १८८३मध्ये तिचे पेटंट मिळाले. गरम पाण्यात ढवळली की पेय तयार. आरंभी तिचे गिऱ्हाईक म्हणजे तान्ही मुले, आजारी माणसे आणि दूरचे प्रवासी. १९०८मध्ये इंग्लंडातल्या स्लाव येथे कारखाना उभा राहिला.

५/ पहिल्या महायुद्धानंतर प्रश्न असा आला की धडधाकट माणसाने हे पेय का घ्यावे? १९३०च्या दशकाच्या आरंभी जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरातसंस्थेच्या लंडन कचेरीने त्याला उत्तर शोधले: ‘नाइट स्टार्व्हेशन’. झोपेतही हृदय आणि फुप्फुसे काम करीत असतात, त्यासाठी ऊर्जा खर्च होते, ती भरून निघत नाही, म्हणून आठ तास झोपूनही माणूस सकाळी थकलेलाच उठतो. उपाय काय, तर निजण्यापूर्वी पेलाभर हॉर्लिक्स.

६/ वैद्यकशास्त्रात असा विकार नव्हता. तो जाहिरातीच्या टेबलावर जन्मला. पण त्याची मांडणी कमालीची प्रभावी होती. जाहिरात चित्रकथेच्या रूपात येई. नायक चिडचिडा झालेला, कचेरीत साहेब नाराज, घरी बायको चिंतेत. कोणीतरी त्याला डॉक्टरकडे धाडतो. डॉक्टर ते दोन शब्द उच्चारतो. काही आठवड्यांनी सगळे सुरळीत होते आणि शेवटच्या चौकटीत नायक मनातल्या मनात हॉर्लिक्सचे आभार मानतो.

७/ आता मुंबईत या. थॉम्प्सनची मुंबई कचेरी १९२९मध्ये उघडली, तीही जनरल मोटर्सच्या कामासाठी. गिरगावात बी. दत्ताराम यांच्यासारख्या देशी संस्था त्याआधीपासून होत्या. परदेशी मालाच्या जाहिरातीची तेव्हाची सर्वसाधारण रीत अशी: मजकूर आधी इंग्रजीत ठरे, चित्राचा ठसा तयार होई आणि मग मराठी, गुजराती, तमिळ, बंगालीसाठी तो भाषांतरकारांच्या हाती जाई. चौकटी आणि त्यांतली जागा आधीच ठरलेली. भाषांतरकाराने फक्त फुगे भरायचे.

८/ येथून पुढे जो मराठी मजकूर येईल तो माझा आहे, कोणत्याही जुन्या जाहिरातीतला उतारा नव्हे. त्या भाषांतरकाराच्या खुर्चीत बसून पाहिल्यावर काय अडते, ते समजून घेण्यासाठी केलेला हा प्रयोग आहे. शब्दशः गेलो तर मथळा असा होईल: “आपण रात्रीच्या उपासमारीने पीडित आहात काय?” व्याकरण शुद्ध. अर्थही मुळाशी इमान राखणारा. आता हा मथळा १९३५ सालच्या एखाद्या सदाशिव पेठी घरात वाचला जात आहे, अशी कल्पना करा.

९/ पहिली अडचण ‘उपासमार’ याच शब्दाची. इंग्रजी मध्यमवर्गीय वाचकाला ‘स्टार्व्हेशन’ हा शब्द दचकवतो, कारण तो त्याच्या जेवणघरापासून दूर आहे. भरल्या पोटाच्या माणसाला ‘तू उपाशी आहेस’ म्हणण्यातली अतिशयोक्ती हेच त्या मथळ्याचे बळ आहे. दख्खनच्या वाचकाजवळ हा शब्द कोठून आलेला आहे? १८९६-९७ आणि १८९९-१९००च्या दुष्काळांतून. घरातल्या आजीने ते पाहिलेले असते. तिच्या लेखी उपासमार म्हणजे दुष्काळी कामावर खडी फोडणारी, हाडे वर आलेली माणसे. कचेरीतून येऊन दोन वेळचे वरणभात जेवणाऱ्या कारकुनासाठी तो शब्द वापरणे तिला अभद्र वाटेल.

१०/ मग ‘मार’ काढून नुसता ‘उपास’ ठेवावा काय? तो तर दुसऱ्याच दिशेला नेतो. एकादशी, चतुर्थी, सोमवार, हरतालिका. उपास हा मनुष्य स्वतः धरतो आणि त्यातून पुण्य जोडतो. ‘रात्रीचा उपास’ म्हटले की वाचक विचारील, कोणत्या देवाचा? थोडक्यात, इंग्रजीत एका शब्दाने भूक आणि आजार यांची सांगड घातली होती. मराठीत त्याच जागी एक शब्द दारिद्र्याकडे जातो आणि दुसरा व्रताकडे. आजाराकडे कोणताच जात नाही.

११/ शिवाय यात एक अपमान दडलेला आहे. घरातले माणूस रात्री उपाशी निजते, या वाक्याचा मराठी घरातला कर्ता कोण? स्वयंपाकघर जिच्या हाती आहे ती. इंग्रजी जाहिरातीत दोष शरीरक्रियेचा होता, त्यामुळे बायकोवर बोट येत नव्हते. भाषांतरात तेच वाक्य गृहिणीला टोचते. आणि डबा विकत आणायचा की नाही, हे ठरवण्यात तिचे मत मोलाचे! ज्या व्यक्तीचे मन वळवायचे तिलाच पहिल्या ओळीत दुखावले, हे कोणत्याही शब्दकोशात तपासून कळणार नाही.

१२/ दुसरी अडचण संबोधनाची. चित्रकथेतली इंग्रज बायको नवऱ्याला नावाने हाक मारते. १९३५ची मराठी बायको नवऱ्याचे नाव उखाण्याखेरीज घेत नाही. ती ‘अहो’ म्हणेल, जुन्या वळणाच्या घरात ‘इकडून बरं नाही का वाटत?’ असे विचारील. तो तिला ‘तू’ म्हणेल. इंग्रजीतल्या एकाच ‘यू’ला येथे तू, तुम्ही, आपण अशी तीन दारे आहेत आणि प्रत्येक फुग्यात एक निवडणे भाग आहे. ‘गोविंद, तू थकलेला दिसतोस’ असे बायकोच्या तोंडी घातले की वाचकाला थकवा दिसत नाही. त्याला बायकोचा आगाऊपणा दिसतो आणि कथा तेथेच मोडते.

१३/ त्याच चौकटीत आणखी एक प्रश्न: सल्ला कोणी द्यायचा? इंग्रजी कथेत नवराबायको एकटी राहतात, म्हणून अधिकारवाणी बाहेरून, डॉक्टरकडून येते. एकत्र कुटुंबात डॉक्टर सर्वांत शेवटी येतो. त्याआधी सासूबाई, वहिनी, शेजारच्या काकू यांची मते होऊन गेलेली असतात. त्यांना वगळून थेट डॉक्टरच्या खोलीत उडी मारणारी कथा मराठी वाचकाला अपुरी वाटेल. भाषांतरकाराला फुगे भरायला दिले आहेत, पण खरी गरज माणसे बदलण्याची आहे.

१४/ तिसरी अडचण वस्तूचीच, आणि मला ती सर्वांत रोचक वाटते. इंग्रजी मजकुरात सोयीचा मुद्दा असा, की दूध आधीच भुकटीत आहे, फक्त पाणी घाला. हे मराठीत आणले की होते, ‘पाणी घालून तयार होणारे दूध’. दारावर येणाऱ्या गवळ्याशी रोज ज्या एका कारणावरून हुज्जत होई, नेमके तेच कारण. इंग्रजी वाचकाच्या लेखी जी सोय, ती येथे भेसळीची कबुली ठरते.

१५/ आणि ‘माल्टेड’? शब्दशः करायचे तर ‘अंकुरित जवाचे दूध’, जे ऐकून काहीच डोळ्यांपुढे येत नाही. गंमत अशी की ही क्रिया मराठी स्वयंपाकघराला पूर्ण परिचित होती. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, दळून वस्त्रगाळ करायची. बाळाला पचायला हलके असे हे नाचणीचे सत्त्व. धान्याला मोड आणून त्यातला पिष्टांश सुपाच्य करणे, हेच तर माल्टचे मर्म! म्हणजे योग्य शब्द शब्दकोशात नव्हता, तो फडताळातल्या डब्यात होता: सत्त्व.

१६/ ‘सत्त्व’ हा शब्द घेतला की एक मोठे दार उघडते. १८७२मध्ये पनवेलला धूतपापेश्वर आणि १९१०मध्ये मुंबईत झंडू, अशा कारखान्यांनी आसवे, अवलेह आणि बलवर्धक औषधे बाटल्यांत भरून विकायला सुरुवात केली होती. त्यांच्यामुळे शरीराविषयी बोलण्याची एक बाजारी परिभाषा रुळली होती: अशक्तपणा, अग्निमांद्य, शक्ती, पुष्टी, धातू. परदेशी डब्याची स्पर्धा या बाटल्यांशी होती आणि वाचकाच्या मनातली जागा त्यांनी आधीच अडवली होती. नवा आजार त्याच जागेत, त्याच शब्दांतून शिरू शकत होता.

१७/ आता तोच मजकूर पुन्हा लिहून पाहू. मथळा: “झोप होते, पण अंगातला शीण जात नाही?” खाली: “रात्रभर समई तेवायची तर तेल निजण्यापूर्वीच घालावे लागते. शरीराचेही तसेच. आपण झोपतो, पण आतला दिवा जळतच असतो.” चित्रात सासूबाई सुनेला सांगताहेत: “अगं, त्याला निजताना पेलाभर दे. मोड आणलेल्या धान्याचं सत्त्व आहे त्यात आणि दूधही. पोटाला जड नाही.” सून नवऱ्यापुढे पेला ठेवते. संवाद एवढाच.

१८/ काय ठेवले आणि काय सोडले, ते पाहा. सकाळच्या थकव्याची तक्रार ठेवली, कारण ती दोन्ही समाजांत खरी आहे. झोपेतही शरीर झिजते हा युक्तिवाद ठेवला, मात्र त्यासाठी हृदयाच्या ठोक्यांऐवजी समई घेतली. उपासमार, पाणी आणि नावाने हाक या तिन्ही गोष्टी गेल्या. डॉक्टरही गेला. मूळ इंग्रजीशी ताडून पाहणाऱ्याला हे भाषांतर ‘चूक’ वाटेल. विलायतेतला मालक मराठी मजकुराचे पुन्हा इंग्रजी करून तपासू लागला, तर त्याला आपल्या मोहिमेचे नावसुद्धा सापडणार नाही.

१९/ उलट-भाषांतराच्या या कसोटीची मर्यादा येथे दिसते. ती अर्थ कोठे गळाला हे सांगते. परिणाम कोठे गळाला हे सांगत नाही. ‘रात्रीच्या उपासमारीने पीडित आहात काय’ हे वाक्य त्या कसोटीला शंभर टक्के उतरेल. अधिक उपयोगी कसोटी साधी आहे. मजकूर त्या भाषेच्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवावा आणि दोनच प्रश्न विचारावेत: हे कोण कोणाला म्हणते आहे? आणि ऐकणाऱ्याला कोणाची आठवण झाली? पहिल्या मथळ्याला उत्तर येईल, ‘सरकारी अधिकारी, दुष्काळग्रस्ताला’. दुसऱ्याला येईल, ‘आमच्या आत्याबाई’.

२०/ भाषेइतकीच धार्मिक आणि आहारविषयक समजूतही आड येते, हे हॉर्लिक्सच्या प्रतिस्पर्ध्याकडे पाहून कळते. ओव्हल्टीन हे मूळचे स्वित्झर्लंडचे पेय. त्याचे मूळ नाव ‘ओव्होमाल्टिन’, त्यातले ‘ओव्हो’ म्हणजे अंडे. इंग्लंडात ‘माल्ट, दूध आणि अंडी’ ही त्याची अभिमानाची ओळख होती. हीच ओळ शाकाहारी मराठी किंवा गुजराती घरासाठी शब्दशः उतरवली, तर विक्रीचे कारणच नकाराचे कारण होते. कितीही गोड मराठी लिहिले तरी ही अडचण सुटत नाही. म्हणजे रूपांतरालाही सीमा आहे, आणि काही वेळा ती डब्याच्या आतच असते.

२१/ येथे मला एक आक्षेप स्वतःवरच घेतला पाहिजे. वर मी लिहिलेला मजकूर ‘मराठी’ आहे खरा, पण कोणाची मराठी? सासूबाई, समई, निजतानाचा पेला: हे पांढरपेशा घराचे चित्र आहे. त्याच साली परळच्या गिरणीत रात्रपाळी करून चाळीतल्या खोलीत आळीपाळीने झोपणाऱ्या कामगाराला ‘रात्रीची उपासमार’ हा शब्द अतिशयोक्ती वाटला नसता, आणि तो डबा त्याच्यासाठी नव्हताच. जाहिरातीची भाषा निवडताना संस्था गिऱ्हाईक निवडत असते. बाकीचे त्याच भाषेचे असूनही त्या ‘तुम्ही’त नसतात.

२२/ प्रत्यक्षात पुढे काय झाले? तिसऱ्या दशकात परदेशी मालाच्या जाहिरातींत गोऱ्या मडमा असत. चौथ्या दशकात त्यांच्या जागी साडीतल्या स्त्रिया आणि भारतीय घरे दिसू लागली. स्वातंत्र्यानंतर पंजाबातल्या नाभा येथे कारखाना निघाला आणि १९६०पासून हॉर्लिक्स येथेच, म्हशीच्या दुधापासून, बनू लागले. हळूहळू त्याची ओळख पालटली. इंग्लंडात ते वयस्कांचे निजतानाचे पेय राहिले. भारतात ते वाढत्या मुलांचे, सकाळच्या पेल्यातले, दुधात मिसळून घ्यायचे पोषण झाले. ‘पाणी घाला’ हा मुद्दा मागे पडला, हे ओघाने आलेच.

२३/ या दोन ओळखी किती दुरावल्या, हे २००८मध्ये दिसले. दक्षिण आशियातील प्रेक्षकांसाठी बनवलेली हॉर्लिक्सची एक जाहिरात ब्रिटनमधल्या उपग्रहवाहिनीवर दाखवली गेली. या पेयाने मुले उंच, सशक्त आणि तल्लख होतात, असा तिचा दावा होता. तेथील जाहिरात-नियामक संस्थेने तिच्यावर आक्षेप घेतला आणि ती रोखली. कंपनीचे म्हणणे होते की ती ब्रिटनसाठी नव्हतीच. डबा तोच, नाव तेच. पण एका देशातली रोजची जाहिरात दुसऱ्या देशात नियमबाह्य ठरली.

२४/ म्हणून या कथेचा शेवट ‘चांगले रूपांतर जिंकले’ असा मला करता येत नाही. विचार करा: ‘नाइट स्टार्व्हेशन’ हा बनावट विकार होता. ‘रात्रीची उपासमार’ हे भाषांतर फसते, तेव्हा मराठी वाचक त्या बनावट भीतीपासून सुरक्षित राहतो. आपल्या भाषेत तिला बसायला जागाच नसते. ज्या क्षणी कोणी कुशल लेखक तिला समई, सत्त्व आणि सासूबाई देतो, त्या क्षणी ती घरात येते, आणि आपलीच होऊन येते. पुढे ‘आपले मूल इतरांच्या मागे तर पडत नाही ना’ ही चिंताही अशाच घरगुती बोलीत शिरली, हे आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी सकाळच्या पेल्यासमोर अनुभवले आहे.

२५/ जुनी वृत्तपत्रे चाळताना मी आता विनोदी चुका शोधत नाही. अडखळत लिहिलेली, परकी वाटणारी जाहिरात दिसली की समजते, ही वस्तू अजून उंबरठ्याबाहेर आहे. आणि जी जाहिरात वाचताना ती जाहिरात आहे हेच क्षणभर विसरायला होते, तिच्यापाशी थांबून मी विचारतो: हिने कोणाचा आवाज उसना घेतला आहे? तुमच्या घरी जुने दिवाळी अंक असतील, तर त्यांची शेवटची पाने या प्रश्नासह एकदा उघडून पाहा. काही हाती लागले तर खाली अवश्य लिहा.

धागा समाप्त.